पन्नास नॅनोग्रॅमचा भागाकार

एक किलो साखरेची पिशवी जमिनीवरून उचलून माळ्यावर ठेवायला साधारण १८ ज्यूल ऊर्जा लागते. यकृतात पाच सेंटिमीटर व्यासाची कर्करोगाची गाठ असेल आणि एवढीच ऊर्जा किरणोत्सर्गाच्या रूपाने तिच्यात सगळीकडे पोहोचली, तर ती गाठ मरू शकते. या ऊर्जेने गाठ तापते किती? एका अंशाच्या सोळाव्या भागाइतकी. तेही ती ऊर्जा एकदम सोडली तर. प्रत्यक्षात ती दहा-अकरा दिवसांत हळूहळू सुटते आणि वाहते रक्त तेवढी ऊबही टिकू देत नाही.

मग गाठ मरते कशाने? ऊर्जा किती, यापेक्षा ती कुठे आणि कशी खर्च होते याला इथे महत्त्व आहे. यिट्रियम-९० च्या अणुकेंद्रातून सुटलेला एक बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, थांबेपर्यंत वाटेतल्या पंचवीस हजारांहून अधिक रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतो. त्यातले काही घाव पेशीच्या डीएनएवर किंवा त्याच्या अगदी शेजारी बसतात. डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांच्या जवळ तुटले की पेशीला दुरुस्ती जमत नाही. चहाच्या घोटातली ऊर्जा सगळ्या रेणूंना थोडी थोडी वाटली जाते, इथे मात्र ती मोजक्या रेणूंवर नेमकी आदळते.

यकृताच्या गाठींवर यिट्रियमचे सूक्ष्म गोळे सोडण्याचा उपचार बंगळूरच्या मोठ्या रुग्णालयांत होतो, तसा मुंबई-पुण्यातही होतो. रुग्णाच्या फाइलमध्ये त्याचा निष्कर्ष बहुधा एका आकड्यात येतो: अमुक इतके ग्रे. एक ग्रे म्हणजे एका किलो ऊतीत एक ज्यूल. हा आकडा कसा निघतो आणि कुठे फसतो, ते एका हिशेबातून पाहू. पण आधी या पदार्थाची ओळख करून घ्यायला हवी.

निसर्गात यिट्रियम एकाच प्रकारचे सापडते, यिट्रियम-८९. ते स्थिर आहे. अणुभट्टीत त्याला एक न्यूट्रॉन गिळायला लावला की त्याचे यिट्रियम-९० होते. त्याचे अर्धायुष्य ६४.१ तास, म्हणजे जेमतेम पावणेतीन दिवस. बीटा कण सोडून ते झिर्कोनियम-९० बनते, आणि ते पुन्हा स्थिर. कारखान्यात आधी यिट्रियम मिसळलेल्या काचेचे सूक्ष्म गोळे बनवतात आणि मग ते गोळे अणुभट्टीत ठेवतात, त्यामुळे किरणोत्सर्गी द्रव्य हाताळत काच वितळवण्याची वेळ येत नाही. ही युक्ती १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठात डेल्बर्ट डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली. तिच्यातून आलेला माल आज ‘थेरास्फिअर’ या नावाने विकला जातो. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने असेच काचेचे गोळे ‘भाभास्फिअर’ नावाने तयार केले आहेत. दुसरा प्रकार रेझिनच्या गोळ्यांचा. तो ऑस्ट्रेलियातून आला, ‘सर-स्फिअर्स’ या नावाने.

आता आकडे. यिट्रियम-९० चे एक गिगाबेकरेल म्हणजे सेकंदाला शंभर कोटी अणू फुटणे. ते सगळे संपेपर्यंत फुटणाऱ्या अणूंची बेरीज होते ३ कोटी ३३ लाख कोटी. इतक्या अणूंचे वजन मात्र ५० नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दोन कोटी भागांतला एक भाग. प्रत्येक अणूमागे सरासरी ०.९३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते. गुणाकार केला की जवळपास ५० ज्यूल येतात. ५० नॅनोग्रॅममधून ५० ज्यूल, हा योगायोग लक्षात ठेवायला सोयीचा आहे. शिवाय या क्षेत्रातला सगळा हिशेब त्यावरच उभा आहे: एका किलो ऊतीत एक गिगाबेकरेल कायमचे अडकले, तर ५० ग्रे. वजन निम्मे झाले की ग्रे दुप्पट. याहून अवघड गणित यात नाही. अवघड आहे ते खाली कोणते वजन ठेवायचे आणि वर किती गिगाबेकरेल ठेवायचे हे ठरवणे.

बीटा कण ऊतीत किती दूर जातो? सरासरी अडीच मिलिमीटर. सर्वांत जोरदार कण अकरा मिलिमीटरपर्यंत पोहोचतात, पण नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पाचेक मिलिमीटरच्या आत संपते. यकृताची पेशी साधारण पंचवीस मायक्रॉनची, म्हणजे अडीच मिलिमीटरमध्ये शंभर पेशी ओळीने बसतात. शंभर पेशींचा हा पल्ला फार मोलाचा आहे. तो एवढा लांब आहे की गाठीतल्या प्रत्येक पेशीपाशी गोळा पोहोचायची गरज उरत नाही. आणि एवढा आखूड आहे की दोन सेंटिमीटरवरच्या निरोगी यकृताला किंवा पोटाच्या भिंतीला त्याची झळ लागत नाही, अर्थात गोळे चुकून तिथेच जाऊन बसले नाहीत तर.

गोळे योग्य ठिकाणी जातात ते यकृताच्या रक्तपुरवठ्यामुळे. निरोगी यकृताला सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते. कर्करोगाची गाठ मात्र जवळजवळ सगळे रक्त यकृताच्या धमनीतून ओढते. म्हणून जांघेतून किंवा मनगटातून बारीक कॅथेटर घालून त्या धमनीच्या नेमक्या फांदीपर्यंत न्यायचा आणि तिथे गोळे सोडायचे. काचेचे गोळे २० ते ३० मायक्रॉनचे असतात. केशवाहिनी दहा मायक्रॉनहून अरुंद असते. त्यामुळे गोळा तिच्या तोंडाशी अडकतो आणि तिथेच कायमचा राहतो. काच विरघळत नाही. किरणोत्सर्ग संपल्यावरही ती तशीच पडून राहते आणि काही बिघडवत नाही.

आता बंगळूरमधला एक काल्पनिक रुग्ण घेऊ. आकडे मी घेतलेले आहेत, पण पद्धत रोज वापरली जाते तीच. यकृताच्या उजव्या भागात ५ सेंटिमीटर व्यासाची एकच गाठ. घनफळ ६५ घनसेंटिमीटर, वजन धरू ७० ग्रॅम. ज्या धमनीतून गोळे सोडायचे तिच्या हद्दीत गाठीसह ७०० ग्रॅम यकृत येते, म्हणजे निरोगी भाग ६३० ग्रॅम.

उपचाराआधी आठवडा-दोन आठवडे एक रंगीत तालीम होते. कॅथेटर त्याच जागी नेऊन टेक्नेशियम-९९एम लावलेले अल्ब्युमिनचे कण सोडतात. त्यांचा आकार गोळ्यांच्या जवळपास असतो आणि त्यांतून निघणारे गॅमा किरण स्पेक्ट कॅमेऱ्यात दिसतात. या चित्रावरून दोन गोष्टी मोजायच्या. एक, गाठीतून निसटून शिरांवाटे फुप्फुसात किती कण गेले. आपल्या रुग्णात पाच टक्के धरू. दोन, गाठीच्या एका ग्रॅममध्ये निरोगी यकृताच्या एका ग्रॅमच्या किती पट कण बसले. ते चौपट धरू. याच चित्रात पोटाकडे किंवा लहान आतड्याकडे गळती दिसली, तर आधी ती फांदी बंद करावी लागते किंवा कॅथेटर आणखी पुढे न्यावा लागतो. नाहीतर तिथे होणारा व्रण महिनोन्‌महिने भरत नाही.

यकृतात राहणारे १.२ गिगाबेकरेल हवेत असे ठरवले. फुप्फुसाचे पाच टक्के धरून द्यायचे झाले १.२६. गाठीचे ७० ग्रॅम चौपटीने २८० झाले, त्यात निरोगी ६३० मिळवले की ९१०. म्हणजे गाठीच्या वाट्याला सुमारे ३१ टक्के. तिथून पुढे पन्नासचा गुणाकार आणि वजनाचा भागाकार. गाठीला मिळाले २६४ ग्रे, निरोगी भागाला ६६ ग्रे. फुप्फुसाचे वजन एक किलो धरले तर त्याला तीनेक ग्रे, आणि एका वेळची मर्यादा ३० ग्रे मानतात.

आता हेच १.२ गिगाबेकरेल सरसकट ७०० ग्रॅमवर भागून पाहा. उत्तर येते ८६ ग्रे. वर्षानुवर्षे काचेच्या गोळ्यांचा डोस असाच लिहिला जात होता. आकडा चुकीचा नाही, पण या शरीरात ८६ ग्रे कोणालाच मिळालेले नाहीत. गाठीला त्याच्या तिप्पट मिळाले आणि यकृताला तीन-चतुर्थांश. रुग्ण वाचेल का, हे ज्या दोन आकड्यांवर अवलंबून आहे, तेच सरासरीत बुजून जातात.

कुपीचे गणित वेगळे. थेरास्फिअरची ३ गिगाबेकरेलची कुपी घेतली, तर मोजणीच्या क्षणी तिच्यात सुमारे १२ लाख गोळे असतात, प्रत्येकात अडीच हजार बेकरेल. यिट्रियम दर तासाला एक टक्क्याहून किंचित जास्त घटते आणि एका दिवसात २३ टक्के. ३ चे १.२६ व्हायला ८० तास लागतात, म्हणून मोजणीची वेळ, विमान, कस्टम्स आणि कॅथलॅबची तारीख हे सगळे त्या ऐंशी तासांत बसवून मगच मागणी नोंदवतात. देवनहळ्ळीच्या विमानतळापासून शहरात यायला दोन तास लागले, तर बंगळूरकरांचा संताप होईल, पण डोस दोनच टक्क्यांनी घसरेल. एक दिवस मात्र महागात पडतो. २६४ चे २०४ होतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ऐंशी तासांनी प्रत्येक गोळ्यात उरतात १,०५० बेकरेल. शरीरात गेल्यावर असा एक गोळा आणखी ३५ कोटी बीटा कण सोडतो. बारा लाख गोळ्यांची काच भरते सुमारे ३२ मिलिग्रॅम आणि तिच्यातले यिट्रियम-९० फक्त ६३ नॅनोग्रॅम. पाच लाख भागांत एक भाग काम करतो, बाकीची सगळी काच त्याला वाहून नेण्यापुरती.

एका गोळ्याभोवतीचा डोस अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कोसळतो. ढोबळ हिशेबाने आपल्या गोळ्यापासून ०.१ मिलिमीटरवर तो नव्वदेक ग्रे होतो आणि १ मिलिमीटरवर एकच ग्रे. गाठीत साडेतीन लाख गोळे, म्हणजे घनसेंटिमीटरला पाच हजारांच्या वर. समान पसरले असते तर दोन गोळ्यांतले अंतर अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त. निरोगी भागात ते ०.९ मिलिमीटर. कागदावर हे ठीक दिसते, पण गोळे समान पसरत नाहीत. रक्त जिथे जोरात जाते तिथे त्यांचे पुंजके बसतात आणि गाठीच्या मधल्या मेलेल्या भागात एकही जात नाही. पुंजक्याभोवती हजार ग्रे आणि दोन सेंटिमीटर पलीकडे जवळजवळ शून्य, अशी अवस्था एकाच गाठीत असू शकते. अशा कोरड्या कोपऱ्यातून गाठ पुन्हा वाढते, आणि सरासरीत तो कोपरा दिसतच नाही.

निरोगी यकृत मात्र याच विषमतेमुळे वाचते. बाहेरून किरणे दिली तर अख्ख्या यकृताला ३० ग्रेच्या पलीकडे जाता येत नाही. इथे आपण निरोगी भागाला ६६ ग्रे देतो आणि बहुतेक वेळा यकृत ते सोसते. याचे एक कारण म्हणजे उरलेले यकृत अस्पर्श राहते. दुसरे कारण असे की गोळे थोडे आणि विखुरलेले असल्याने त्यांच्या मध्ये कमी डोस मिळालेल्या पेशींची बेटे उरतात आणि तिथून यकृत पुन्हा भरून येते. हे समजले की आणखी एक चमत्कारिक गोष्ट समजते. रेझिनच्या एका गोळ्यात सुमारे ५० बेकरेल असतात. १.२६ गिगाबेकरेलसाठी ते अडीच कोटी लागतील, आपल्या काचेच्या गोळ्यांच्या वीसपट. ग्रे तेवढेच, पण वाटणी कितीतरी सारखी. त्यामुळे बेटे कमी आणि यकृताची सहनशक्तीही कमी. काचेच्याच मोठ्या कुपीतून आठ दिवस थांबून १.२६ गिगाबेकरेल दिले, तर प्रत्येक गोळ्यात तीनशेच्या आसपास बेकरेल उरतील आणि गोळे होतील चाळीस लाख. पुन्हा ग्रे तेच, परिणाम वेगळा. म्हणून काचेची मर्यादा रेझिनला लावणे, किंवा उलटे करणे, ही साधी घोडचूक आहे. तरीही दोन्ही आकड्यांपुढे ‘ग्रे’ लिहिलेले असल्यामुळे ती होते.

हिशेब आणखी कुठे घसरतो? पहिली जागा त्या चौपटीची. तालमीत कॅथेटरचे टोक धमनीच्या फाट्याआधी पाच मिलिमीटर होते आणि उपचाराच्या दिवशी फाट्याच्या पुढे, तर रक्ताचा प्रवाह बदलतो आणि वाटणीही बदलते. प्रत्यक्षात प्रमाण चौपटीऐवजी दुप्पट निघाले, तर आपल्या रुग्णाच्या गाठीला २६४ ऐवजी १५६ ग्रेच मिळतात, आणि निरोगी यकृताला ६६ ऐवजी ७८. एका चुकीने दोन्हीकडे नुकसान.

दुसरी जागा दिसायला किरकोळ. सीटी स्कॅनवर गाठीची कड कुठे काढायची? एका डॉक्टरने व्यास ५ सेंटिमीटर मोजला, दुसऱ्याने धूसर कडा आत घेऊन साडेपाच. व्यासात दहा टक्के फरक, पण घनफळ ६५ वरून ८७ वर गेले. गाठीत बसलेले गिगाबेकरेल तेवढेच असतील, तर भागाकाराने २६४ चे १९८ होतात. पेन्सिलीच्या एका रेषेने डोस पाव भागाने उतरला. मला विचाराल तर अहवालात ग्रेच्या आकड्याशेजारी ही रेषा कोणी काढली आणि कशावर काढली, हे लिहिलेच पाहिजे.

तालमीचे अंदाज खरे ठरले का, हे कळायची सोय निसर्गाने जवळजवळ अपघाताने ठेवली आहे. यिट्रियम-९० गॅमा किरण सोडत नाही म्हटले तरी चालेल. पण दर दहा लाख विघटनांमागे सुमारे ३२ वेळा त्यातून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. प्रमाण नगण्य वाटते खरे, पण १.२ गिगाबेकरेलमधून ते सेकंदाला ३८ हजार भरतात आणि पेट स्कॅनला तेवढे पुरतात. उपचारानंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी स्कॅन केला, तर गोळे प्रत्यक्ष कुठे बसले ते दिसते. गाठीचा एखादा कोपरा कोरडा राहिला असेल, तर तोही दिसतो, म्हणजे तीन महिन्यांनी गाठ वाढल्यावर कळण्याऐवजी दुसऱ्याच दिवशी कळते.

हा भागाकार नीट करण्याने फरक पडतो का, याची परीक्षा फ्रान्समध्ये झाली. ‘डोसिस्फिअर-०१’ ही चाचणी एतिएन गारँ आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. यकृताच्या कर्करोगाचे ६० रुग्ण, गाठी सात सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या, गोळे सगळ्यांना काचेचेच. एका गटात जुना सरसकट हिशेब: गोळे जातील त्या सगळ्या यकृताला मिळून १२० ग्रेच्या आसपास. दुसऱ्या गटात गाठीचा हिशेब वेगळा करून तिला किमान २०५ ग्रे. आपल्या रुग्णाचा २६४ हा आकडा याच रेषेच्या वर राहावा म्हणून निवडला होता, आणि कुपीला एक दिवस उशीर झाला, प्रमाण दुप्पट निघाले किंवा रेषा अर्धा सेंटिमीटर सरकली, की तो रेषेखाली जातो. चाचणीत तीन महिन्यांनी गाठ आटोक्यात येऊ लागल्याचे प्रमाण पहिल्या गटात ३६ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ७१ टक्के.

घरच्या कोणावर हा उपचार होणार असेल, तर डॉक्टरांना एवढेच विचारा: हे ग्रे गाठीचे की सगळ्या भागाचे, आणि नंतर पेट स्कॅन करून ते पडताळणार का?